पोलिसांचा अंतिम अहवाल आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची दखल

पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला, तपास पूर्ण झाला आणि काही महिन्यांनी फिर्यादीच्या घरी न्यायालयाची नोटीस आली. नोटिशीत एवढेच लिहिलेले असते की, आपल्या गुन्ह्यात पोलिसांनी 'क' समरीचा अहवाल सादर केला आहे. आपले काही म्हणणे असल्यास अमुक तारखेस हजर राहून मांडावे. बहुसंख्य फिर्यादी या नोटिशीचा अर्थ 'प्रकरण मिटले' असा घेतात आणि त्या तारखेस न्यायालयात जातच नाहीत. प्रत्यक्षात त्या दिवशी प्रकरण मिटलेले नसते. पोलिसांनी आपले मत दिलेले असते. निर्णय व्हायचा असतो आणि तो न्यायदंडाधिकाऱ्यांनी घ्यायचा असतो.

तपास संपणे आणि खटला सुरू होणे या दोहोंमधील हा टप्पा वर्तमानपत्रांच्या बातम्यांत सहसा एका वाक्यात उरकला जातो. 'पोलिसांनी न्यायालयात आरोपपत्र दाखल केले' एवढेच वाचकांना कळते. परंतु प्रकरण पुढे जाणार की नाही, गेले तर कोणाकोणाविरुद्ध जाणार, हे याच टप्प्यावर ठरते. म्हणून तो जरा सविस्तर पाहणे आवश्यक आहे.

अहवाल म्हणजे नेमके काय?

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता मागे पडली. त्या तारखेपूर्वी सुरू झालेले तपास आणि खटले जुन्या संहितेनुसारच पुढे चालतात. त्यामुळे न्यायालयांत सध्या दोन्ही संहितांची कलमे कानावर पडतात. तपास पूर्ण झाल्यावर पोलिसांनी द्यावयाच्या अहवालाची तरतूद जुन्या संहितेत कलम १७३ मध्ये होती. ती आता कलम १९३ मध्ये आहे. मूळ रचना मात्र तीच राहिली आहे.

कायद्याच्या भाषेत हा 'पोलीस अहवाल' आहे. 'आरोपपत्र' किंवा 'दोषारोपपत्र' हा शब्द आपण वापरतो तो अहवाल आरोपीच्या विरोधात असेल तेव्हा. तपास विनाकारण विलंब न लावता पूर्ण करावा आणि पूर्ण होताच पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावा, असे कायदा सांगतो. पक्षकारांची नावे, खबरीचे स्वरूप, घटनेची माहिती असणाऱ्या साक्षीदारांची नावे, गुन्हा घडल्याचे दिसते काय व कोणी केला, आरोपीस अटक झाली काय, तो जामिनावर आहे की कोठडीत, हा तपशील त्यात असतो. सोबत साक्षीदारांचे जबाब, पंचनामे, जप्त मुद्देमालाची यादी, वैद्यकीय व न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे अहवाल जोडलेले असतात. मोबाइल किंवा संगणक जप्त केला असेल, तर तो कोणाकडून कोणाच्या ताब्यात गेला याचा क्रमही नव्या संहितेनुसार नोंदवावा लागतो.

फिर्यादीच्या दृष्टीने नव्या संहितेतील आणखी एक तरतूद महत्त्वाची आहे. तपासात काय प्रगती झाली हे पोलिसांनी फिर्यादीस किंवा पीडितास नव्वद दिवसांच्या आत कळविले पाहिजे. पूर्वी केवळ तपासाचा निकाल कळविण्याचे बंधन होते, तेही तपास संपल्यावर. आता तीन महिने उलटूनही काही कळले नसेल, तर लेखी विचारणा करण्यास स्पष्ट आधार मिळाला आहे.

अटक झालेल्या आरोपीच्या संदर्भात साठ आणि नव्वद दिवसांची जी मुदत वारंवार ऐकू येते, तिच्याविषयी एक गैरसमज रूढ आहे. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक कारावासाच्या गुन्ह्यात नव्वद दिवस आणि इतर गुन्ह्यांत साठ दिवस, ही आरोपीला तपासासाठी कोठडीत ठेवण्याची कमाल मर्यादा आहे. तेवढ्या दिवसांत अहवाल आला नाही, तर आरोपीला जामिनावर सुटण्याचा हक्क मिळतो. गुन्हा रद्द होत नाही आणि तपासही थांबत नाही. हा हक्क आरोपीने अहवाल दाखल होण्यापूर्वी मागितला पाहिजे. त्याने अर्ज दिला, अटी पूर्ण करण्याची तयारी दाखविली आणि त्यानंतर पोलिसांनी घाईने आरोपपत्र आणले, तर हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये उदय मोहनलाल आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात स्पष्ट केले.

अ, ब आणि क समरी

आरोपीविरुद्ध पुरेसा पुरावा नाही असे पोलिसांचे मत झाले, तरीही अहवाल द्यावाच लागतो. पोलीस आपल्या अधिकारात कोणताही दाखल गुन्हा परस्पर बंद करू शकत नाहीत. इतर राज्यांत या अहवालाला 'अंतिम अहवाल' किंवा 'क्लोजर रिपोर्ट' म्हणतात. महाराष्ट्रात मात्र जुन्या मुंबई इलाख्यापासून चालत आलेली 'समरी'ची पद्धत आहे आणि तिचे तीन वर्ग आहेत.

'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा, परंतु आरोपी सापडला नाही किंवा त्याच्याविरुद्ध पुरावा मिळाला नाही. चोरी व वाहनचोरीच्या असंख्य फिर्यादी या वर्गात जातात. 'ब' समरी म्हणजे फिर्याद खोटी आणि दुष्ट हेतूने दिलेली. 'क' समरी म्हणजे फिर्याद खरीही नाही व खोटीही नाही. वस्तुस्थितीविषयीच्या गैरसमजातून ती दिली गेली किंवा वाद दिवाणी स्वरूपाचा आहे.

ही विभागणी पोलिसांच्या कामकाजाच्या सोयीची आहे. संहितेत अ, ब, क असे शब्द नाहीत. पण परिणामांत मोठा फरक पडतो. 'अ' समरी मंजूर झाली आणि वर्षभराने आरोपी सापडला, तर तपास पुन्हा सुरू होऊ शकतो. 'ब' समरी मंजूर झाली, तर खोटी खबर दिल्याबद्दल खुद्द फिर्यादीवरच कारवाई होण्याचा मार्ग मोकळा होतो. म्हणून नोटिशीतील ते एक अक्षर नीट वाचावे. 'ब' असेल, तर हजर न राहणे विशेष धोक्याचे आहे.

दखल : शब्द छोटा, अर्थ मोठा

अहवाल न्यायालयात आला की न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहतो तो 'दखल' घेण्याचा. नव्या संहितेच्या कलम २१० नुसार, म्हणजे जुन्या कलम १९० नुसार, गुन्ह्याची दखल तीन मार्गांनी घेता येते: फिर्यादीने थेट न्यायालयात दिलेल्या तक्रारीवरून, पोलीस अहवालावरून, किंवा अन्य व्यक्तीकडून मिळालेल्या माहितीवरून वा स्वतःच्या माहितीवरून.

'दखल' या शब्दाची व्याख्या मात्र कायद्यात नाही. न्यायालयांनी दिलेला अर्थ असा, की कथित गुन्ह्याबाबत पुढील कार्यवाही करण्याच्या उद्देशाने न्यायदंडाधिकाऱ्यांनी आपले मन त्या प्रकरणाकडे वळविले, म्हणजे दखल घेतली गेली. त्यासाठी ठराविक नमुन्यातील आदेश लागत नाही. तपासादरम्यान कोठडीचा आदेश देणे, झडतीचे वॉरंट काढणे किंवा पोलिसांना तपासाचा आदेश देणे यांपैकी कशालाही दखल म्हणत नाहीत. कारण तेव्हा विचार तपासाचा असतो, खटल्याचा नसतो.

दखल गुन्ह्याची घेतली जाते, गुन्हेगाराची नाही. हे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रघुवंश दुबे विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात मांडले. एकदा दखल घेतली, की खरे गुन्हेगार कोण हे शोधणे हे न्यायदंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य ठरते. पोलिसांनी कोणाचे नाव आरोपींच्या रकान्यात लिहिले आणि कोणाचे वगळले, यावर ते अवलंबून नसते. या सूत्राचे व्यावहारिक महत्त्व पुढील उदाहरणात दिसेल.

न्यायदंडाधिकारी काय करू शकतात, काय नाही

पोलिसांनी आरोपपत्र दाखल केले म्हणून दखल घेतलीच पाहिजे असे नाही. कागदपत्रे पाहून गुन्हा होत नाही असे वाटले, तर न्यायदंडाधिकारी कार्यवाही थांबवू शकतात. उलट पोलिसांनी समरीचा अहवाल दिला म्हणून तो मंजूर केलाच पाहिजे असेही नाही. समरी आल्यावर त्यांच्यापुढे तीन पर्याय असतात. एक, अहवाल मंजूर करून प्रकरण बंद करणे. दोन, पोलिसांच्या निष्कर्षाशी असहमत होऊन, त्याच कागदपत्रांवरून गुन्हा दिसतो असे म्हणून दखल घेणे. तीन, अधिक तपासाचा आदेश देणे.

यातील पहिला पर्याय निवडण्यापूर्वी, म्हणजे प्रकरण बंद करण्यापूर्वी, फिर्यादीस नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. हा नियम संहितेच्या कलमांत सापडत नाही. तो सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये भगवंत सिंग विरुद्ध पोलीस आयुक्त या प्रकरणात घालून दिला. काही आरोपींना वगळून उर्वरितांविरुद्ध पुढे जायचे असेल, तरीही ही नोटीस आवश्यक आहे. महाराष्ट्रातील गंगाधर जनार्दन म्हात्रे यांच्या प्रकरणातही २००४ मध्ये न्यायालयाने हे पर्याय व नोटिशीचे बंधन पुन्हा अधोरेखित केले. आपल्या घरी येणारी नोटीस ही या निकालांची देणगी आहे.

न्यायदंडाधिकाऱ्यांना न करता येणारी गोष्टही तितकीच लक्षात ठेवण्यासारखी आहे. 'अमक्याविरुद्ध आरोपपत्र दाखल करा' असा आदेश ते पोलिसांना देऊ शकत नाहीत. अभिनंदन झा विरुद्ध दिनेश मिश्रा या १९६७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याचे कारण सांगितले आहे. तपासाअंती मत बनविणे हे पोलिसांचे काम आहे आणि न्यायालय त्यांच्याकडून विशिष्ट मत वदवून घेऊ शकत नाही. न्यायालयाला ते मत पटत नसेल, तर त्याने स्वतः दखल घ्यावी. त्याचप्रमाणे, झालेला तपास पुसून टाकून नव्याने तपास करण्याचा आदेशही न्यायदंडाधिकारी देऊ शकत नाहीत. तो अधिकार उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालयाकडे आहे, असे विनय त्यागी प्रकरणात २०१२ मध्ये सांगण्यात आले. न्यायदंडाधिकारी आदेश देऊ शकतात तो 'अधिक तपासा'चा, आणि त्यात आधीचा अहवाल कायम राहून पुढचा पूरक अहवाल त्याला जोडला जातो.

एक प्रकरण, टप्प्याटप्प्याने

हे सारे प्रत्यक्षात कसे घडते, यासाठी एक कल्पित प्रकरण घेऊ. ठाण्यातील एका निवृत्त शिक्षिकेने सप्टेंबर २०२४ मध्ये एका बांधकाम संस्थेच्या दोन भागीदारांना सदनिकेपोटी तीन धनादेशांनी चौदा लाख रुपये दिले. हाती आले ते केवळ वाटपपत्र. करारनामा नोंदविण्यास टाळाटाळ होऊ लागली, ताबा मिळाला नाही आणि पैसेही परत मिळाले नाहीत. मार्च २०२५ मध्ये भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली, म्हणजे जुन्या ४२० च्या जागी आलेल्या फसवणुकीच्या कलमाखाली, गुन्हा दाखल झाला. शिक्षा कमाल सात वर्षांची असल्याने पोलिसांनी भागीदारांना अटक न करता हजर राहण्याची नोटीस दिली आणि त्यांचे जबाब घेतले.

ऑगस्टमध्ये 'क' समरी सादर झाली. पोलिसांचा निष्कर्ष असा, की बांधकामास विलंब झाल्याने करार पाळता आला नाही. वाद दिवाणी असून फिर्यादीने दिवाणी न्यायालयात दाद मागावी. वरवर पाहता हा निष्कर्ष चुकीचा म्हणता येणार नाही. दिलेले वचन न पाळणे म्हणजे फसवणूक नव्हे. फसवणुकीचा गुन्हा होण्यासाठी पैसे घेतानाच अप्रामाणिक हेतू असावा लागतो. मग तो हेतू दाखविणारा पुरावा तपासात शोधला गेला काय, एवढाच खरा प्रश्न उरतो.

शिक्षिकेने न्यायालयाकडून अहवालाची व जबाबांची प्रत मागितली. ती वाचताना दोन उणिवा दिसल्या. पोलिसांनी दुय्यम निबंधक कार्यालयातून त्या सदनिकेचा 'इंडेक्स टू' मागविलाच नव्हता, आणि पैसे ज्या खात्यात जमा झाले त्याचा उतारा कागदपत्रांत नव्हता. तिने स्वतः 'इंडेक्स टू'ची प्रत मिळविली. तीच सदनिका मे २०२४ मध्ये, म्हणजे तिच्याकडून पैसे घेण्याच्या चार महिने आधी, नोंदणीकृत करारनाम्याने दुसऱ्या व्यक्तीस विकली गेली होती. विकलेली वस्तू पुन्हा विकायला काढणाऱ्याचा हेतू पैसे घेतानाच काय होता, हे त्या एका कागदावरून कळते. वाद दिवाणी आहे हा निष्कर्ष तेथेच डळमळला.

नोटिशीच्या तारखेस तिने वकिलामार्फत निषेध अर्ज दाखल केला. वकिलांच्या बोलीत त्याला 'प्रोटेस्ट पिटिशन' म्हणतात. या अर्जाचे नाव संहितेत कोठेही नाही. पण त्याचा परिणाम मोठा असतो. तो कसा लिहिला जातो यावर पुढचा मार्ग ठरतो. पोलिसांनी अन्याय केला, राजकीय दबाव होता अशा वाक्यांनी भरलेल्या अर्जाचा उपयोग होत नाही. कोणता साक्षीदार तपासला नाही, कोणते कागदपत्र मागविले नाही आणि त्यातून काय सिद्ध होईल, हे मुद्देवार लिहिले असेल तरच न्यायालयाला आदेश देण्यास आधार मिळतो. अर्जात गुन्ह्याची हकिकत, आरोपींची नावे व साक्षीदारांची यादी असेल, तर न्यायालय तो अर्ज स्वतंत्र तक्रार म्हणूनही स्वीकारू शकते.

त्या दोन मार्गांतील फरक समजून घ्यावा. न्यायदंडाधिकाऱ्यांनी पोलिसांच्याच कागदपत्रांवरून दखल घेतली, तर फिर्यादीची शपथेवर साक्ष घेण्याची गरज नसते आणि खटला सरकारी वकील चालवितात. निषेध अर्ज तक्रार म्हणून घेतला, तर मात्र फिर्यादी व तिचे साक्षीदार यांना आधी शपथेवर तपासावे लागते. शिवाय नव्या संहितेनुसार दखल घेण्यापूर्वी आरोपीलाही म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. दुसरा मार्ग उपलब्ध असला तरी लांबचा आहे आणि पुरावा गोळा करण्याचा भार फिर्यादीवर येतो. एका निवृत्त शिक्षिकेला बँकेकडून इतरांच्या खात्याचा उतारा मिळणार नाही. पोलिसांना तो मिळतो. म्हणून तिने मागणी केली ती अधिक तपासाची.

न्यायदंडाधिकाऱ्यांनी समरी नामंजूर करून अधिक तपासाचा आदेश दिला. तपास अधिकाऱ्यांनी नोंदणी कार्यालयातील मूळ दस्त पाहिला, आधीच्या खरेदीदाराचा जबाब घेतला आणि बँकेचा उतारा मिळविला. पूरक अहवालात पहिल्या भागीदाराविरुद्ध आरोपपत्र आले. त्याने वाटपपत्रावर सही केली होती. दुसऱ्याविषयी मात्र 'आरोपी करण्याइतपत पुरावा नाही' अशी नोंद होती.

येथे वर सांगितलेले सूत्र उपयोगी पडते. बँकेच्या उताऱ्यात तीनपैकी दोन धनादेशांची रक्कम जमा झाल्यावर दुसऱ्या दिवशीच दुसऱ्या भागीदाराच्या वैयक्तिक खात्यात वळविलेली दिसत होती. न्यायदंडाधिकाऱ्यांनी गुन्ह्याची दखल घेतली आणि दोन्ही भागीदारांविरुद्ध समन्स काढले. पोलिसांच्या मताविरुद्ध दुसऱ्याचे नाव घालण्यासाठी स्वतंत्र अधिकार शोधावा लागला नाही. कारण दखल गुन्ह्याची होती आणि त्या गुन्ह्यात दोघांचा सहभाग कागदांवरून दिसत होता.

हे याच टप्प्यावर घडणे का महत्त्वाचे? कारण खटला सुरू झाल्यानंतर नव्या व्यक्तीस आरोपी करण्याचा अधिकार न्यायालयास असला, तरी त्याची कसोटी कडक आहे. साक्षीदारांच्या न्यायालयातील पुराव्यातून त्या व्यक्तीविरुद्ध भक्कम सामग्री यावी लागते, आरोप ठेवताना लागते त्याहूनही अधिक, असे घटनापीठाने २०१४ मध्ये हरदीप सिंग प्रकरणात म्हटले आहे. त्यामुळे एखाद्याचे नाव अहवालातून वगळले गेले असेल, तर हरकत घेण्याची योग्य वेळ दखल घेतली जाण्यापूर्वीची आहे.

आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी समरी मंजूरच केली असती तर? तरीही मार्ग पूर्ण बंद होत नाही. त्या आदेशाविरुद्ध नव्वद दिवसांच्या आत सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो. समरी मंजूर होणे म्हणजे आरोपी निर्दोष सुटणे नव्हे. तेथे खटलाच झालेला नसतो.

दखलीनंतर खटल्यापर्यंत

दखल घेतल्यावर प्रकरणाला न्यायालयाचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. पोलीस ठाण्याचा गुन्हा क्रमांक वेगळा आणि न्यायालयाचा खटला क्रमांक वेगळा. फिर्यादीने हा दुसरा क्रमांक अवश्य टिपून ठेवावा. पुढील तारखा त्यावरूनच कळतात. मुंबईकरांसाठी आणखी एक बदल असा, की नव्या संहितेत 'महानगर दंडाधिकारी' हे पद राहिलेले नाही. आता शहरांतही प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीच आहेत.

आरोपी हजर झाल्यावर चौदा दिवसांच्या आत त्याला पोलीस अहवाल, खबर, जबाब व इतर कागदपत्रांच्या प्रती विनामूल्य मिळाल्या पाहिजेत. पीडिताचा वकील असेल, तर त्यालाही प्रती देण्याची तरतूद नव्या संहितेत आहे. सामान्य नागरिकास मात्र आरोपपत्र मागता येत नाही. प्रथम खबर पोलिसांच्या संकेतस्थळावर पाहता येते, म्हणून आरोपपत्रही तसेच उपलब्ध असावे अशी मागणी झाली होती. परंतु आरोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती फेटाळली.

यापुढे गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार वाट वेगळी होते. खून, खुनाचा प्रयत्न, बलात्कार यांसारखे गुन्हे केवळ सत्र न्यायालयात चालतात. तेथे न्यायदंडाधिकारी प्रकरण सत्र न्यायालयाकडे सुपूर्द करतात आणि ते काम दखलीपासून नव्वद दिवसांत पूर्ण करावे, कारणे नोंदवून ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढविता येते, असे नवी संहिता सांगते. आपल्या उदाहरणातील फसवणुकीचा गुन्हा मात्र प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेच चालतो.

प्रती मिळाल्यापासून साठ दिवसांत आरोपी आरोपमुक्तीचा अर्ज करू शकतो. त्यात न्यायालय पाहते ते एवढेच, की आरोप निराधार आहे काय. पुरावा शिक्षेस पुरेसा आहे की नाही, याची तपासणी या वेळी होत नाही. आरोप निराधार ठरला तर आरोपी 'आरोपमुक्त' होतो. खटल्याअंती सुटणे म्हणजे 'निर्दोष मुक्तता'. बातम्यांत या दोन शब्दांची गल्लत होते, पण परिणाम भिन्न आहेत. निर्दोष मुक्ततेनंतर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही; आरोपमुक्तीनंतर नवा पुरावा आल्यास चालू शकतो.

अर्ज फेटाळला गेला, की न्यायालय आरोप लेखी स्वरूपात निश्चित करते, तो आरोपीस वाचून दाखविते आणि 'गुन्हा कबूल आहे काय' असे विचारते. आरोपाच्या पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत हे व्हावे अशी नव्या संहितेची अपेक्षा आहे. आरोप निश्चित होईपर्यंत न्यायालय अधिक तपासाचा आदेश देऊ शकते, हे २०१९ च्या विनुभाई मालविया प्रकरणाने स्पष्ट केले. खटला सुरू झाल्यावर पोलिसांना अधिक तपास करायचा असेल, तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते आणि तो नव्वद दिवसांत संपवावा लागतो. न्यायालयच ती मुदत वाढवू शकते.

आरोपीने गुन्हा नाकबूल केला की खटला खऱ्या अर्थाने सुरू होतो आणि पोलीस अहवालाचे वजन एकदम कमी होते. आरोपपत्र हा पुरावा नव्हे. पोलिसांनी तपासात नोंदविलेल्या जबाबांवर साक्षीदाराची सही घेतली जात नाही आणि तो जबाब स्वतःच पुरावा म्हणून वाचला जात नाही. साक्षीदार न्यायालयात वेगळे बोलला, तर त्याची विसंगती दाखविण्यापुरताच त्याचा उपयोग होतो. प्रथम खबर देणारी शिक्षिकाही याला अपवाद नाही. तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून शपथेवर सारे पुन्हा सांगावे लागेल आणि उलटतपासणीला सामोरे जावे लागेल. मे महिन्यातील करारनामा व बँकेचा उतारा हेही संबंधित कार्यालयाच्या साक्षीदारामार्फत किंवा कायद्याने मान्य प्रमाणित प्रतीने रीतसर सिद्ध व्हावे लागतील.

म्हणूनच तपासाच्या काळात फिर्यादीने पोलिसांकडे दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी, मूळ कागद सांभाळून ठेवावेत आणि पत्ता किंवा भ्रमणध्वनी क्रमांक बदलल्यास पोलीस ठाणे व न्यायालय दोन्हीकडे कळवावे. समरीची नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊन परत आली, तर फिर्यादीस काहीच म्हणायचे नाही असे समजून प्रकरण बंद होण्याचा धोका असतो. त्या नोटिशीवर छापलेल्या तारखेस न्यायालयात कोणी उभे होते की नाही, यावर अनेकदा पुढचा खटला उभा राहतो किंवा राहत नाही.